सणाचं कॅम्पेन संपलं, आता रिपोर्ट: काय चाललं, काय फसलं हे ठरवायचं कसं?

उंबरठा

सणाची ऑफर बंद झाली, आता रिपोर्ट लिहायचाय. आमची विक्री पूर्ण ऑनलाइन आहे, स्वतःची साइट, त्यावर जाहिराती आणि जुन्या ग्राहकांना मेसेज. सुरुवात करायच्या आधी गेल्या वर्षीचा रिपोर्ट काढून वाचला, तर शेवटी शिकवण म्हणून लिहिलंय "सोशल मीडियावर उत्तम प्रतिसाद, मेसेजवर अजून भर द्यावा, स्टॉकचं नियोजन लवकर करावं". आता याच्यावरून यंदा प्लॅनिंगला बसल्यावर कोणी काय ठरवणार? भर म्हणजे किती, लवकर म्हणजे कधी, कुठल्या मालाचा स्टॉक, काहीच नाही त्यात. म्हणून या वेळी मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावतेय, हे केलं नसतं तर किती विक्री झाली असती. सणात लोक तसेही खरेदी करतातच, त्यामुळे जे काही चालू ठेवाल ते "चाललं" असंच दिसतं.

मेसेजचं उदाहरण देते, आकडे गोल केलेत, रीत कळावी एवढ्यापुरते. समजा यादीत १०,००० जुने ग्राहक. त्यातले १,००० चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही निवडून बाजूला ठेवले, त्यांना सणाचा एकही मेसेज नाही. उरलेल्या ९,००० ना पाठवला. ९,००० पैकी ५४० जणांनी खरेदी केली, म्हणजे ६ टक्के. डॅशबोर्ड सांगतो त्यातल्या ४०० जणांनी मेसेजची लिंक दाबून खरेदी केली, म्हणून मेसेजच्या नावावर ४०० ऑर्डर. पण ज्यांना मेसेजच गेला नाही त्या १,००० मधूनही ४५ जणांनी खरेदी केली, साडेचार टक्के. म्हणजे ९,००० मधले साधारण ४०५ जण मेसेज नसता तरी आलेच असते आणि मेसेजने खरोखर जास्तीचे आणले ते १३५ च्या आसपास. ४०० आणि १३५ मध्ये केवढा फरक आहे बघा, पुढच्या वर्षीचं बजेट कुठल्या आकड्यावर ठरतं त्यावर सगळं अवलंबून.

दुसरी गोष्ट एका जाहिरातीची. व्हिडिओ जाहिरात होती, पहिला दीड दिवस जोरात, मग एकदम पडली, आणि टीमने शेऱ्यात लिहिलं "क्रिएटिव्ह फसलं, लोकांना कंटाळा आला". मला ते पटेना म्हणून तासातासाचा डेटा काढला. जाहिरात बघून क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण दुपारनंतरही अगदी तेवढंच होतं, पण कार्टमध्ये टाकणारे दुपारी एका ठराविक तासापासून जवळजवळ शून्य. लोक येत होते, बघत होते आणि परत जात होते. त्या वेळेला ज्या साइझेस जास्त खपतात त्या संपल्या होत्या. कंटाळा आला असता तर आधी क्लिक कमी झाले असते ना, आणि तेही हळूहळू, असे एका तासात नाहीत.

तिसरं, गेल्या वर्षीशी तुलना. सणाची तारीख दरवर्षी सरकते त्यामुळे त्याच तारखांची तुलना केली की आकडे भलतेच येतात, कधी खूप वाढ कधी खूप घट. मी सणाच्या दिवसाला शून्य धरून "सणाच्या आधी ७ दिवस, ६ दिवस" असं मागे मोजत दोन्ही वर्षं शेजारी लावली, तेव्हा चित्र जागेवर आलं. तरी पगाराची तारीख सणाच्या आधी पडली की नंतर याचा फरक राहतोच, ती वेगळी नोंद केलीय.

आता प्रश्न असा की रिपोर्ट कधी द्यायचा. वरून घाई आहे, पण परत येणारा माल अजून येतोय. आणि आणखी काय लिहून ठेवावं जे पुढच्या वर्षी खरंच कामाला येईल?

रणगाडा

चांगलं लिहिलंयस पण एक पटलं नाही. सणासारख्या मोक्याच्या वेळी हजार ग्राहकांना मेसेजच पाठवायचा नाही म्हणजे हातची विक्री सोडणं झालं. आमच्याकडे असं बोललो असतो तर मीटिंगमधून बाहेर काढलं असतं. आम्ही सरळ चॅनलप्रमाणे खर्च आणि विक्री मांडतो, कोणी किती कमावून दिलं ते कळतं. यंदा सगळ्यात भारी कोण ठरलं तर सर्च जाहिरात, तीही आमच्या ब्रँडचं नाव टाइप करणाऱ्यांना दिसणारी. खर्चाच्या कित्येक पट विक्री. शिकवण साधी आहे, पुढच्या वर्षी तिथे दुप्पट पैसे.

आकडेमोड

रणगाडा, आधी सोडलेल्या विक्रीचा हिशोब करू. उंबरठाच्याच आकड्यांवर, हजार जणांना मेसेज गेला असता तर दीड टक्का जास्त, म्हणजे १५ ऑर्डर. त्या १५ ऑर्डर देऊन तुम्हाला कळतं की डॅशबोर्ड मेसेजचं श्रेय जवळजवळ तिपटीने फुगवून दाखवतोय. माझ्या मते स्वस्त आहे.

ब्रँडच्या नावाच्या सर्चबद्दल. जो माणूस तुमचं नाव टाइप करतोय त्याने तुमच्याकडे यायचं आधीच ठरवलंय. त्याला कुठून कळलं असेल, व्हिडिओ बघून, मेसेज बघून, नाहीतर गेल्या वर्षीचा ग्राहक असेल. जाहिरात नसती तर तो खालच्या फुकटच्या लिंकवर क्लिक करून आलाच असता, बऱ्याच वेळा. शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय दिलं की दाराशी उभा असलेला सगळ्यात कर्तबगार दिसतो. आणि तिथे दुप्पट पैसे टाकले तरी नाव शोधणारे दुप्पट होत नाहीत, पैसे खर्चच होणार नाहीत किंवा तोच क्लिक महाग पडेल. तपासायचं असेल तर सण नसताना काही भागांत ती जाहिरात दोन-तीन आठवडे बंद ठेवा, त्या भागांतली एकूण विक्री बाकीच्या भागांच्या मानाने पडते का बघा. प्रतिस्पर्धी तुमच्या नावावर बोली लावत असेल तर मात्र पडू शकते, म्हणून आधीच निष्कर्ष काढू नका.

उंबरठा, तुम्हालाही एक सांगतो. १३५ हा आकडा असा ठणकावून लिहू नका. बाजूला ठेवलेला गट हजाराचा आणि त्यात खरेदी ४५. नशिबाने ४५ च्या जागी ५२ झाले असते तर? मी हिशोब लावला, फरक दीड टक्का आहे पण त्याला अधिकउणे जवळजवळ १.४ टक्क्याची जागा सोडावी लागते. म्हणजे जास्तीच्या ऑर्डर दहा-बारा ते अडीचशेच्या आसपास कुठेही असू शकतात. ४०० नक्की नाहीत हे ठामपणे लिहिता येतं, १३५ च आहेत हे नाही. पुढच्या वर्षी गट मोठा ठेवा, २०-२५ टक्के ठेवलात तर हा पट्टा बराच आवळतो.

सोनचाफा

मी पण याच कामात आहे म्हणून लिहितेय. आमचा संगीत महोत्सव असतो, तीन दिवसांचा, मी प्रसिद्धी बघते. पोस्टर, बॅनर, रेडिओ, इन्स्टाग्राम सगळं केलं आणि हॉल भरला. पण पोस्टरमुळे भरला की इन्स्टामुळे ते कोणीच सांगू शकत नाही. समिती म्हणते पुढच्या वर्षी बॅनर बंद करा, सगळं मोबाईलवर आहे. तुम्ही जे क्लिक वगैरे म्हणताय ते बॅनरला कसं लावायचं?

उंबरठा

सोनचाफा, माझा विषय सणाच्या ऑफरचा आहे, महोत्सवाचा नाही, पण प्रश्न तोच आहे, कार्यक्रम तसाही भरला असता का. बॅनरचं मला फारसं माहीत नाही, आकडेमोड सांगू शकतील.

आकडेमोड, पट्ट्याचं लक्षात आलं, रिपोर्टमध्ये तसंच लिहिते. फक्त साहेबांना "दहा ते अडीचशे" असं दाखवलं तर ते म्हणणार मग तुला काय कळलं :)

आकडेमोड

म्हणतील. तेव्हा एका ऑर्डरमागे मेसेजचा खर्च किती पडला ते पट्ट्याच्या दोन्ही टोकांना काढून दाखवा. वाईट टोकालाही मेसेज परवडत असेल तर निर्णय झाला, वाद संपला. वाईट टोकाला परवडत नसेल आणि चांगल्या टोकाला परवडत असेल, तर पुढच्या वर्षी मोठा गट ठेवून पुन्हा मोजायचं, हाच निर्णय.

सोनचाफा, प्रत्येक जागेच्या बॅनरवर वेगळा क्यूआर कोड किंवा वेगळा सवलतीचा कोड टाका, एवढं तर होतंच. पण बॅनर बघून कोड स्कॅन करणारे थोडेच असतात, बाकीचे घरी जाऊन नाव शोधतात, त्यामुळे कोडवरून बॅनरचा परिणाम कमी दिसणार हे धरून चाला. तिकीट घेताना "कुठून कळलं" विचारा, पण त्यातही लोक जे शेवटी आठवतं ते सांगतात. बॅनर सगळीकडून बंद करण्यापेक्षा निम्म्या वस्त्यांत लावा, निम्म्यांत नाही, आणि तिकीट घेणाऱ्यांचा पिनकोड घ्या.

सोनचाफा

पिनकोड आम्ही घेतच नाही. ऑनलाइन तिकीट विकणाऱ्यांकडे असेल का बघते.

पाणकोंबडा

मी स्टॉक आणि कॅटलॉग बघतो, जाहिरातवाला नाही. उंबरठाने त्या व्हिडिओचं जे शोधून काढलं ते दर सणाला होतं आणि दर वेळी क्रिएटिव्हवाल्यांच्या माथी मारलं जातं. आतली गोष्ट सांगतो. मालाला पाच साइझ आहेत, त्यातल्या मधल्या तीन संपल्या, टोकाच्या दोन शिल्लक. सिस्टीमच्या लेखी माल "उपलब्ध" आहे कारण काहीतरी शिल्लक आहे, म्हणून जाहिरात थांबत नाही. पूर्ण संपला असता तरी फीड, म्हणजे जाहिरातींना मालाची माहिती पुरवणारी यादी, बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकदाच अपडेट होतं, पहाटे. म्हणजे सकाळी अकराला संपलेल्या मालाची जाहिरात दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालू, आणि सणातला तो सगळ्यात महागडा दिवस.

रिपोर्टमध्ये "स्टॉक कमी पडला" असं नका लिहू, त्याने मला काही करता येत नाही. मला हवं असतं की कुठली साइझ, कुठल्या दिवशी किती वाजता संपली, आणि त्यानंतर त्या पानावर किती लोक येऊन गेले. यावरून किती माल अजून खपला असता याचा अंदाज बांधता येतो, म्हणजे साइझ होती त्या तासांत शंभर माणसांत किती जणांनी घेतलं ते प्रमाण नंतरच्या माणसांना लावायचं. थोडं जास्त येतं कारण काही जणांनी दुसरा रंग घेतला असतो, पण "लवकर नियोजन करा" पेक्षा कितीतरी बरं. आणि फीड सणाच्या आठवड्यात दर तासाला अपडेट करता येतं का हे आयटीला आत्ता विचारून ठेवा, ऐन सणात नाही म्हणतात.

उंबरठा

हे फार कामाचं आहे. साइझप्रमाणे वेळ काढता येईल, ऑर्डरच्या नोंदीत आहे. आजच मागवते.

रणगाडा

बरं, ब्रँड सर्चचं थोडं पटलं, बंद ठेवून बघू सण नसताना. पण दुसरं सांगा. शेवटचे दोन दिवस राहिले तेव्हा आम्ही सोशलच्या जाहिरातींचं बजेट एकदम तिप्पट केलं कारण विक्री जोरात होती, आणि खर्च तिप्पट झाला पण विक्री काही तिप्पट झाली नाही, एका विक्रीमागचा खर्च जवळपास दुप्पट. आमचं म्हणणं आहे की बजेट बदलल्यावर अल्गोरिदम पुन्हा शिकायला लागतो, म्हणून असं झालं. शिकवण म्हणून "शेवटी बजेट बदलू नये" लिहिलंय. बरोबर ना?

जास्वंद

अर्धं बरोबर आहे. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीत मोठा बदल केला की लर्निंग फेज पुन्हा सुरू होऊ शकते, आणि तिथून बाहेर यायला आठवड्यात साधारण ५० खरेद्या लागतात एका अ‍ॅड सेटला. दोन दिवसांवर सण असताना त्यातून बाहेर पडायला वेळच नाही. पण तेवढंच कारण धरू नका. त्याच दोन दिवसांत सगळे विक्रेते बोली वाढवतात, त्यामुळे तीच जागा महाग होते. तुम्ही काहीच केलं नसतं तरी खर्च वाढलाच असता. हजार वेळा दाखवायचा दर आठवडाभर कसा चढत गेला ते बघा, तो बजेट वाढवायच्या आधीच चढायला लागला असेल तर दोष बजेटच्या बदलाचा कमी आणि गर्दीचा जास्त.

आणि तिसरं, तुम्ही ते आकडे कधी बघितले? शेवटच्या दिवशी रात्री? क्लिक आणि खरेदी यात वेळ जातो. डिफॉल्ट सेटिंगला क्लिकनंतर ७ दिवसांपर्यंतची खरेदी तिथे त्या जाहिरातीच्या नावावर लागते, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांचा आकडा त्या रात्री अपुराच असतो. सणाची मुदत संपल्यावर फार येणार नाहीत, पण आठवड्याने पुन्हा काढून बघा, थोडा सुधारलेला दिसेल.

रणगाडा

त्याच रात्री काढले होते. पुन्हा काढतो. दर आधीच चढला होता का ते मात्र आता कुठे दिसेल?

जास्वंद

अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये दिवसाप्रमाणे ब्रेकडाउन लावा, मिळेल. पण सगळ्यांनाच एक सांगते, जे काढायचं ते आत्ता फाइलमध्ये काढून ठेवा. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये एक्सप्लोरेशनसाठीचा युजर लेव्हलचा डेटा डिफॉल्टने २ महिनेच राहतो, फार तर १४ महिने करता येतो, तोही सेटिंग बदललं तर. साधे रिपोर्ट राहतात पण उंबरठाने काढलं तसं खोलात जाऊन बघायचं असेल आणि सेटिंग बदललेलं नसेल तर पुढच्या वर्षी सण जवळ आल्यावर ते उरलेलं नसेल. आणि जाहिरातीच्या लिंकला जोडायची कॅम्पेनची नावं. आमच्याकडे तिघांनी तीन नावं दिली होती, त्यामुळे एकच कॅम्पेन तीन ओळींत तुटलं:

```
utm_campaign=festive
utm_campaign=Festive
utm_campaign=festive_sale
```

कॅपिटल अक्षर वेगळं धरलं जातं हे कित्येकांना माहीतच नसतं.

धुकं

रिपोर्ट कधी द्यायचा यावर कोणी बोललं नाही. माझं मत, दोनदा. पहिला लगेच, आठवड्याच्या आत, त्यात आकड्यांपेक्षा निर्णय लिहायचे, कोणत्या दिवशी काय बदललं आणि तेव्हा का बदललं. महिन्याभराने "का" कोणालाच आठवत नाही, प्रत्येकजण निकाल बघून कारण जुळवतो. दुसरा रिपोर्ट परतीची मुदत संपल्यावर आणि त्यानंतरचे काही आठवडे बघून.

परतीचं म्हणाल तर सणातल्या भेटवस्तू आणि भरमसाठ सवलतीचा माल जास्त परत येतो असं आमच्याकडे तरी दिसलंय, त्यामुळे चॅनलप्रमाणे परती लावल्या की क्रमवारी बदलते. आमच्याकडे एका इन्फ्लुएन्सरमुळे विक्री फार दिसत होती, परती वजा केल्यावर ती मधल्या फळीत गेली. माल वाईट नव्हता, व्हिडिओत रंग वेगळा दिसत होता, परतीच्या कारणांत तेच पुन्हा पुन्हा लिहिलेलं. त्यामुळे परतीची कारणं नुसती मोजू नका, वाचा.

आणि सणानंतरचे आठवडे. विक्री नेहमीपेक्षा खाली गेली का? पुढच्या महिन्यात जे घेणार होते त्यांनी सवलत बघून आत्ताच घेतलं असेल तर तुम्ही विक्री वाढवली नाही, नुसती अलीकडे ओढली, आणि तीही कमी किमतीत. उंबरठा, तुमच्याकडे बाजूला ठेवलेला गट आहेच. त्या दोन्ही गटांची पुढच्या दोन महिन्यांची खरेदी मोजा. मेसेज मिळालेल्यांची खरेदी नंतर कमी पडली तर त्या १३५ मधून तेवढी वजा करा.

उंबरठा

हे डोक्यात आलं नव्हतं, की तोच गट नंतरही वापरता येतो. म्हणजे सण संपला म्हणून त्या हजार जणांना लगेच इतर मेसेज सुरू करायला नकोत?

धुकं

नेहमीचे मेसेज दोघांनाही सारखेच जाऊ द्या, एकाच दिवशी. फक्त "तुमची सणाची ऑफर राहून गेली, घ्या कूपन" असलं काही त्या हजारांना पाठवू देऊ नका, मार्केटिंगवाल्यांना तो मोह होतोच.

आकडेमोड

धुकं, एकदम बरोबर. फक्त पट्टा आणखी रुंदावतो, तेवढं लक्षात ठेवा, गट छोटा आहे.

उंबरठा

आता माझा खरा अडलेला प्रश्न. मेसेजचं कळलं, पण सवलत किती द्यायची याचं काहीच कळत नाही. यंदा सगळ्यांना एकच सवलत होती. ती अर्धी दिली असती तरी तेवढेच लोक आले असते का, हे कुठल्याच आकड्यातून निघत नाही. पुढच्या वर्षी काहींना कमी, काहींना जास्त असं करावं का?

रणगाडा

अजिबात नको. ग्राहक एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतात. "मला कमी का" म्हणून सणाच्या दिवशी कमेंटमध्ये भांडण सुरू झालं की ती आग विझवत बसावं लागतं. हे बघितलंय मी.

आकडेमोड

माणसाप्रमाणे नका बदलू, मालाप्रमाणे बदला. एकमेकांसारखे दोन प्रकार घ्या, नेहमीच्या दिवसांत जवळपास सारखेच खपणारे, एकाला जास्त सवलत, एकाला कमी, सगळ्या ग्राहकांना सारखीच. कोणाला काही खुपणार नाही.

पाणकोंबडा

पण मग जास्त सवलतवाला प्रकार दुसऱ्याची विक्री खाणार ना? जो कमी सवलतीतला घेणार होता तो शेजारचा स्वस्त बघून तिकडे जाणार. मग फरक दिसेल तो सवलतीने आणलेल्या नव्या माणसांचा की इकडून तिकडे गेलेल्यांचा?

आकडेमोड

खातो, थोडीफार. म्हणून दोन्हींची मिळून विक्री आणि मिळून नफा बघायचा, वेगवेगळी नाही. तरी पूर्ण सुटत नाही हे मान्य. दोन वेगळ्या आठवड्यांत वेगळी सवलत देऊन बघायची तर सणाच्या जवळचा आठवडा तसाही जास्त खपतो.

जास्वंद

सणाच्या आधी पंधरा दिवस, गर्दी नसताना, फक्त नव्या नोंदणीवाल्यांना दोन वेगळी कूपनं देऊन आम्ही बघितलं होतं. भांडण झालं नाही कारण ते एकमेकांना ओळखत नव्हते. पण नव्या ग्राहकाचं उत्तर जुन्याला लागू होतं का, आणि सण नसतानाचं सणाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उंबरठा

हे "उघडे प्रश्न" म्हणून रिपोर्टमध्ये वेगळं लिहिते, कोणी काय सुचवलं आणि त्यात काय अडचण आहे त्यासकट. पाणकोंबडा, साइझप्रमाणे वेळा आल्या, मधल्या दोन साइझ पहिल्याच दिवशी संध्याकाळी संपल्या होत्या, तिसरी दुसऱ्या दिवशी दुपारी. तुमच्या रीतीने अंदाज काढतेय, दुसऱ्या रंगाकडे वळलेले किती धरायचे ते सांगाल का?

पाणकोंबडा

ज्यांनी संपलेल्या साइझचं पान बघून त्याच भेटीत दुसरा रंग घेतला ते मोजून वजा करा, नेमके मिळतील. दुसऱ्या दिवशी परत येऊन घेणारे सुटतील, त्याला इलाज नाही.